रात्र मोजायची ती वारासकट

प्रिय बायो,



काल फोन ठेवला आणि रात्रभर तुझं एकच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. विचारलंस ड्युटी लिस्टचं, आणि जाता जाता म्हणालीस, "मावशी, गेल्या महिन्यात अकरा नाईट मीच केल्या. बाकीच्यांना घरं आहेत, माझ्यामागे कोण आहे? मी आपली किल्ला लढवतेय." असं पुन्हा म्हणू नकोस. आणि किल्ल्याचंच म्हणशील, तर चाकणच्या शाळेत शिकलीस, संग्रामदुर्ग तुला ठाऊक आहे. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाईस्तेखानापुढे तो सुमारे छप्पन्न दिवस झुंजवला, पण सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा सोडावाच लागला. शिवाय वेढा कधी ना कधी उठतो. वॉर्डातली रात्र रोज संध्याकाळी आठला येते.

आधी तुझी लिस्ट. फोटो मोठा करून नीट पाहिला. आठजणी, दर रात्री दोघी, चार आठवडे. म्हणजे छप्पन्न रात्री, आठात वाटल्या की प्रत्येकीला सात. तू सात-सातच लावल्या होत्यास, तरी रोहकळची सिस्टर रडली आणि तुला ती कांगावखोर वाटली. बायो, तिच्या सात रात्री कुठल्या वारी आल्या ते पाहिलंस का? तीन शनिवार आणि दोन रविवार. आळंदीहून येणारीच्याही सातच, पण सगळ्या सोमवार ते गुरुवार. बेरीज सारखी आहे, वाटणी सारखी नाही. तू लिस्ट दर शनिवारी बसून, जिची चिठ्ठी आधी आली तिचं ऐकून लिहितेस. त्यात जी बोलत नाही तिच्या वाट्याला उरलेलं येतं, आणि त्यातूनही उरेल ते तू स्वतः करतेस. हीच माझी जुनी तक्रार आहे, तुझ्या आईलाही सांगत असे: रात्र मोजायची तर वारासकट मोजायची.

वहीच्या मागच्या पानावर हा तक्ता उतरवून घे. आठजणींच्या चार जोड्या कर, प्रत्येक जोडीत एक जुनी आणि एक नवी. तुमच्या वेळा त्याच धरल्या आहेत: सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ, रात्र आठ ते सकाळी आठ.

| ओळ | सोम | मंगळ | बुध | गुरु | शुक्र | शनि | रवि |
|---|---|---|---|---|---|---|---|
| १ | दुपार | दुपार | सुट्टी | दुपार | रात्र | रात्र | रात्र |
| २ | सुट्टी | सुट्टी | सकाळ | सकाळ | दुपार | दुपार | सुट्टी |
| ३ | रात्र | रात्र | रात्र | रात्र | सुट्टी | सुट्टी | सकाळ |
| ४ | सकाळ | सकाळ | दुपार | सुट्टी | सकाळ | सकाळ | दुपार |

पहिल्या आठवड्यात पहिली जोडी पहिल्या ओळीत, दुसरी दुसऱ्या, अशा बसव. सोमवार आला की प्रत्येक जोडी एक ओळ खाली उतरते आणि चौथीतली वर पहिल्या ओळीत जाते. चार आठवड्यांत प्रत्येक जोडी चारही ओळींतून फिरते. संपलं. दर शनिवारी बसून लिहायचं काही उरत नाही.

आता हा तक्ता उभा वाच. कुठलाही वार घे, खाली उतरत ये: एक सकाळ, एक दुपार, एक रात्र, एक सुट्टी. प्रत्येक उभ्या रांगेत चारही एकेकदाच. ही एक गोष्ट सांभाळली की दोन कामं एकदम होतात. कुठल्याही दिवशी कुठलीही पाळी रिकामी राहत नाही, आणि प्रत्येकीला चार आठवड्यांत सात रात्री येतात, त्यात प्रत्येक वाराची बरोबर एक. शनिवारची रात्र एक, रविवारची एक, सर्वांना. उद्या तू काही बदल केलास, तर पहिल्यांदा उभी रांग तपास. एका रांगेत दोन 'रात्र' दिसल्या, तर दर आठवड्याला त्या वारी रात्री चौघी येतील, आणि दुसऱ्या कुठल्या तरी पाळीला कोणीच नसेल, नाहीतर कुणालाच सुट्टी नसेल.

मग आडवा वाच. रात्री एकदा तीन आणि एकदा चार अशा तोडल्यात, आणि प्रत्येक वेळी त्यांच्यामागे दोन सुट्ट्या आहेत. रविवारची रात्र करून सोमवारी सकाळी आठला सुटलीस, की बुधवारी आठलाच यायचं. पहिला दिवस झोपेतच जातो, त्याला सुट्टी म्हणायचं नाही. खरी सुट्टी दुसरी. आणि दुपारची पाळी करून रात्री आठला सुटलेली कुणीही दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येत नाही. तुझ्या लिस्टमध्ये ते सहा वेळा होतं. कागदावर बारा तास दिसतात. पण आंबेठाण चौकात अडकून नाणेकरवाडीला पोचायचं, स्वयंपाक करायचा, पोरांना झोपवायचं, यात त्यातले किती उरतात ते तू पाहतेस.

तास मांडून ठेवते, हॉस्पिटलचे मालक विचारतील. सात रात्रींचे चौऱ्याऐंशी, सात सकाळींचे बेचाळीस, सात दुपारींचे बेचाळीस. चार आठवड्यांचे १६८, आठवड्याला सरासरी बेचाळीस. पण पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचा आठवडा चोपन्न तासांचा होतो आणि दुसरीचा चोवीसाचा. हे आधीच सांग, नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

सलग सात रात्रींची जुनी पद्धत बरी, एकदाच काय ते आटपतं, असं तुझ्याकडच्या मोठ्या सिस्टर म्हणतात. मीही तसंच म्हणत होते. मग एका हॉस्पिटलात सातव्या रात्री पहाटे चारला मी एका बाटलीवरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि दोन्ही वेळा जे असायला हवं तेच वाचलं. जे होतं ते वाचलं नाही. शेजारच्या मुलीने हात धरला म्हणून पेशंट वाचला.  पहाटे तीन ते पाच हा माणसाच्या शरीराचा सगळ्यांत मंद वेळ, आणि रात्रींमागून रात्री आल्या की दिवसाची तुटकी झोप साचत जाते. तेव्हापासून चारापुढे रात्र लावायची नाही हा माझा नियम, आणि तो मी कुणासाठी मोडला नाही.

आता हा तक्ता कुठे तुटेल ते ऐक.

पहिलं म्हणजे अदलाबदल. ती होणारच. चाकणात निम्म्याजणींचे नवरे कंपनीत तीन पाळ्या करतात. त्याची नाईट आणि तिची नाईट एकाच आठवड्यात आली की पोरं रात्री एकटी. त्याची सुट्टी गुरुवारी असेल तर तिला रविवारच्या सुट्टीचं काय कौतुक? म्हणून बदलू दे, पण रात्रीला रात्र आणि वाराला वार. शनिवार घेतला तर शनिवारच परत करायचा, चार आठवड्यांच्या आत, आणि वहीत दोघींच्या सह्या. बदलल्यावर मागचे-पुढचे चार-चार दिवस तपास, पाचवी रात्र जोडली जात असेल तर नाही म्हण. नाही म्हणायला शीक, बायो.

दुसरं, सण. याच्यात मी स्वतः फसले होते. अठ्ठावीस दिवसांच्या तेरा फेऱ्या म्हणजे ३६४ दिवस. वर्ष ३६५ चं. म्हणजे एखाद्या वर्षी ३१ डिसेंबर मंगळवारी येऊन ज्या जोडीची तिसरी ओळ असेल, तिला पुढल्या वर्षी तीच तारीख बुधवारी येईल, पण ओळ तिसरीच. पुन्हा रात्र. तक्ता आपला निर्दोष फिरत राहतो आणि एकाच जोडीचं लागोपाठ दोन-तीन वर्षं तेच होतं. दिवाळी, गणपती तिथीने सरकतात म्हणून ते लवकर ध्यानात येत नाही. तेव्हा सणांच्या रात्रींची वेगळी यादी ठेव, नावापुढे वर्ष लिही, आणि वर्षातून एकदा जोड्यांच्या जागा बदल.

तिसरं, खेडची सिस्टर. पाचवा महिना लागलाय म्हणालीस. डॉक्टरांनी तिच्या रात्री बंद केल्या, तर तिच्या सातांपैकी गुरुवारची सहज बसते: पहिल्या ओळीतल्या एकीने त्या आठवड्यात गुरुवारची दुपार हिला द्यायची आणि स्वतः रात्र घ्यायची. तिच्या रात्री तीनऐवजी चार सलग होतील, मागच्या दोन सुट्ट्या तशाच राहतील. पण उरलेल्या सहा कुठेही घातल्यास तरी कुणाची तरी झोप किंवा रात्रींमागची दुसरी सुट्टी मोडते. मी दोन संध्याकाळी घालवून पाहिलं, बसत नाहीत. त्यासाठी बदली सिस्टरच लागते. ते मालकांना लेखी दे. आठजणींच्या तक्त्यात सुट्टीला, आजारपणाला, बाळंतपणाला जागाच नाही. तो फक्त सगळ्या आल्या तर चालतो.

आणि ही जागा भरायला तू उभी राहतेस, तेच मला सहन होत नाही. तू नववी आहेस. तुझं नाव कुठल्याच ओळीत नाही, म्हणून तुझ्या रात्री कुणी मोजत नाही. मालकांना वाटतं आठात भागतंय. मुलींना वाटतं ताई आहेत. अकरा रात्री केल्यास आणि त्यातल्या किती शनिवारच्या, हे तुलाही सांगता आलं नाही. सकाळी पुन्हा राउंडला उभी राहिलीस, आणि मग त्या नाशिक रस्त्यावरून, ट्रेलरच्या मधून, स्कूटीवर घरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणारं पाळ्यांचं काम कर्करोगाला बहुधा कारण ठरणाऱ्या गोष्टींत घातलं, २०१९ मध्ये रात्रपाळी पुन्हा तिथेच ठेवली. ते पुढचं झालं. मला उद्या सकाळचीच भीती वाटते. तळेगाव चौकातल्या सिग्नलला डोळा लागला तर?

म्हणून एक कर. तक्ता भिंतीवर लाव, आणि त्याच्याखाली पाचवी ओळ आख. तिच्यात तुझं नाव लिही. या महिन्यात केलेली प्रत्येक रात्र, वारासकट, लाल पेनने. दोन झाल्या की तो कागद घेऊन मालकांकडे जा, तिसरी करू नकोस. बदली सिस्टर येईपर्यंत भांडण होईल. होऊ दे.

आणि रात्र केलीसच, तर सकाळी स्कूटी तिथेच ठेव आणि रिक्षाने ये. घरी पोचलीस की मला नुसती रिंग दे, मी उचलत नाही, तुझे पैसे आणि झोप दोन्ही वाचतील. मी सव्वानऊपर्यंत फोनपाशी असते.

तुझी,
मावशी