पाडव्याच्या अंकातला एक परिच्छेद

सोमवार, 23 मार्च 2020

सकाळी दहाच्या आत बाजार दहा टक्के कोसळला आणि व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले. दिवसअखेर सेन्सेक्स 25,981 वर. जानेवारीत तो 42 हजारांच्या वर होता. दिवसभर माझ्या गुंतवणूकदारांचे फोन चालू होते. एक ताई म्हणाल्या, "दादा, चार लाखांचे अडीचसुद्धा राहिले नाहीत. जूनमध्ये मुलीची फी आहे, एक लाख वीस हजार. काढून टाकू का सगळे?"

गुंतवणूकदारांना पाठवायच्या पाडव्याच्या पत्रकात यावर लिहायलाच हवे. 'घाबरू नका' आणि 'तोटा फक्त कागदावर आहे' ही दोन वाक्ये मात्र नकोत. जूनची फी काही कागदावर भरायची नसते.

मंगळवार, 24 मार्च

ताईंशी पुन्हा बोललो. फीचे एक लाख वीस हजार आजच काढायला सांगितले. तोट्यात निघतात, पण जूनपर्यंत बाजार आणखी पडला तर ती फी कुठून भरणार? उरलेल्या सव्वा लाखाला सात-आठ वर्षे हात लावायचा नाही, म्हणून ते तिथेच राहू देत. पगार नियमित येत असेल तर एसआयपीही चालू ठेवायची. युनिटचा भाव पन्नास असताना पाच हजारांत शंभर युनिटे मिळायची. एकतीस झाला तर एकशे एकसष्ट मिळतात.

रात्री देशभर एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली. जेवणानंतर परिच्छेद लिहिला:

"जानेवारीतल्या शंभर रुपयांचे आज साधारण बासष्ट झाले आहेत. काळजी वाटणे रास्त आहे. बासष्टचे पुन्हा शंभर व्हायला एकसष्ट टक्के वाढ लागते. ती कधी होईल, हे मला सांगता येणार नाही. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवर होता. पडल्यावर तिथे परत यायला 2010 ची दिवाळी उजाडली. म्हणून आधी एवढेच पाहा: यातले कोणते पैसे येत्या दोन-तीन वर्षांत लागणार आहेत? तेवढे काढण्याबद्दल माझ्याशी बोला. उरलेल्यांबद्दल आज निर्णय घेण्याची गरज नाही. पगाराची शाश्वती नसेल तर एसआयपी थांबवा. त्यात काही कमीपणा नाही."

बुधवार, 25 मार्च, गुढीपाडवा

आज सेन्सेक्स 1,861 अंकांनी वर गेला. पत्रक पाठवण्याआधी मुलगा म्हणाला, "बाबा, ही बातमी वर टाका, लोकांना बरे वाटेल." नाही टाकली. एका दिवसाच्या तेजीवर धीर दिला, तर उद्याच्या घसरणीत तो धीर आणि माझा शब्द, दोन्ही जातील. परिच्छेद होता तसाच पाठवला. खाली फक्त माझा फोन नंबर आणि बोलण्याची वेळ घातली: सकाळी नऊ ते रात्री नऊ.