ई.जी., आय.ई. आणि एटसेट्रा: काही टिपणे

रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असलेल्या रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर एक ओळ लागतेच: एनएसएआयडी गटातली वेदनाशामकं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कार्डावर जागा कमी, म्हणून ती बहुधा इंग्रजीत आणि आखडून लिहिली जाते. ती दोन तऱ्हांनी लिहिता येईल:

```
Avoid NSAIDs, e.g. ibuprofen, diclofenac.
Avoid NSAIDs, i.e. ibuprofen, diclofenac.
```

पहिली ओळ सांगते की सगळा गटच टाळा, ही त्यातली दोन ओळखीची नावं. दुसरी सांगते की गट म्हणजे ही दोनच औषधं. दुसरी ओळ वाचून कुणी केमिस्टकडून नॅप्रोक्सेन घेतली, तर त्याने ओळ बरोबरच वाचली. पण नॅप्रोक्सेन त्याच गटातली आहे, आणि वॉरफरिनबरोबर ती घेतली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. चूक वाचणाऱ्याची नाही, लिहिणाऱ्याची आहे.

\*

दोन्ही लघुरूपं लॅटिनमधून आलेली आहेत. ई.जी. म्हणजे एक्झेम्प्ली ग्रॅशिया, आपलं ‘उदाहरणार्थ’. आय.ई. म्हणजे इड एस्ट, आपलं ‘म्हणजेच’. लॅटिन विसरलं तरी चालेल. लिहिताना मनात मराठी शब्द घालून वाक्य वाचावं, निम्म्या चुका तिथेच सापडतात.

\*

उरलेल्या निम्म्यांसाठी मी खोडून बघतो. आय.ई.च्या आधीचा भाग खोडायचा आणि नंतरचा तिथे बसवायचा. अर्थ तोच राहिला तर आय.ई. बरोबर. ‘सभा जानेवारीच्या पहिल्या सोमवारी, आय.ई. 5 जानेवारी 2026 रोजी’ यातला पहिला सोमवार खोडला तरी सभा त्याच दिवशी भरते. इथे ई.जी. लिहिलं तर पहिले सोमवार अनेक आहेत, असा अर्थ होईल.

ई.जी.ची परीक्षा उलटी. नंतरची नावं खोडा, सूचना तशीच पुरी राहिली पाहिजे. ‘फोटो असलेलं ओळखपत्र आणा, ई.जी. आधार, पॅन’ यातली नावं काढली तरी काय आणायचं ते कळतं, आणि पासपोर्ट आणणाऱ्याला खिडकीवरून परत पाठवता येत नाही. कार्यालयाला खरोखर दोनच कागद चालत असतील, तर मात्र आय.ई. हवं. त्याहून बरं, ‘फक्त आधार किंवा पॅन’ असं सरळ लिहावं. ‘फक्त’ हा शब्द कुणीही चुकीचा वाचत नाही.

\*

एटसेट्राचा अर्थ ‘आणि बाकीचं’. ‘आणि’ त्यातच आहे, म्हणून त्याच्या आधी पुन्हा ‘अँड’ लावायचं कारण नाही.

ई.जी.ने सुरू केलेली यादी एटसेट्राने संपवू नये. यादी अपुरी आहे हे ई.जी.ने आधीच सांगितलेलं असतं. मराठीतही ‘उदा. आधार, पॅन इ.’ असं सर्रास छापतात. त्यातलं एक काढलं की ओळ मोकळी होते. आय.ई.नंतर एटसेट्रा मात्र नुसता फापटपसारा नाही, ती विसंगती आहे. यादी पुरी आहे असं म्हणायचं आणि शेवटी ती पुरी नाही असंही म्हणायचं.

\*

एटसेट्रा कधी चालतो? पुढचं नाव वाचणाऱ्याला स्वतः सांगता येत असेल तेव्हा. ‘सोमवार, मंगळवार इ.’ यात बुधवार कुणालाही सुचतो. ‘अर्जासोबत सातबारा इ. जोडावे’ यात काहीच सुचत नाही. अर्जदाराने आठ-अ आणायचा की फेरफाराचा उतारा, हे त्याला कार्यालयातच जाऊन विचारावं लागतं. एका नावापुढे एटसेट्रा लावू नये. निदान एकाच जातीची दोन नावं द्यावीत, म्हणजे माळ कुठल्या मण्यांची ते दिसतं. माणसांच्या नावांपुढेही तो नको. संशोधन लेखात सहलेखकांसाठी एट आल. असतं.

\*

टिंबं आणि स्वल्पविराम यांवर भांडू नये. अमेरिकेत ई.जी. आणि आय.ई. या दोन्हींच्या नंतर स्वल्पविराम देतात, ब्रिटनमध्ये बहुधा देत नाहीत, आणि तिथली काही वृत्तपत्रं टिंबंही गाळतात. एक पद्धत धरावी आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी.

\*

ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाने ही लघुरूपं सोडायचं 2016 मध्ये ठरवलं. अंध वाचकांसाठी मजकूर वाचून दाखवणारी काही सॉफ्टवेअरं टिंबं नसलेल्या ई.जी.चा उच्चार ‘एग’ असा करत. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनाही ती अडत होती. तिथली लेखनशैली आता ‘फॉर एक्झाम्पल’, ‘सच अ‍ॅज’ असे पुरे शब्द वापरायला सांगते.

\*

डिस्चार्ज कार्ड, औषधाची चिठ्ठी, शाळेची फीची सूचना, सोसायटीचा फलक लिहिणाऱ्यांना एक विनंती. जिथे वाचणारा तुमच्या ओळीवर विसंबून काही घेणार, भरणार किंवा टाळणार असेल, तिथे ई.जी. आणि आय.ई. वापरूच नका. ‘उदाहरणार्थ’ लिहायला लागणारी जागा त्या कार्डावर असते.