बीच टेनिस : टप्पा नसलेलं टेनिस



बीच टेनिसचे नियम मुलांना सांगताना मी यादी देत नाही. एकच नियम सांगते: चेंडू वाळूला लागला की गुण गेला. बाकीचे बरेचसे नियम त्यातूनच निघतात आणि मुलं ते स्वतः शोधून काढतात. आमच्या शाळेपासून किनारा चालत दहा मिनिटांवर आहे. त्यामुळे पाचवीच्या वर्गाला हे करून बघता आलं. पण शाळेच्या अंगणातही हा धडा घेता येईल.

आधी मुलांच्या हातात चेंडू द्या आणि खांद्याच्या उंचीवरून वाळूत सोडायला सांगा. सिमेंटवर तोच चेंडू मांडीपर्यंत उसळतो, वाळूत मात्र धप्पकन रुतून बसतो. साध्या टेनिसमध्ये चेंडू एकदा टप्पा पडून मारता येतो. सर्व्हिस घेणाऱ्याने तर टप्पा पडायची वाटच बघायची असते. वाळूत टप्पाच नाही, मग प्रत्येक फटका हवेतच मारावा लागणार, सर्व्हिस परतवतानासुद्धा! बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांना हे लगेच कळतं.

आता मैदान. टेनिसचं दुहेरीचं मैदान 23.77 मीटर लांब आणि 10.97 मीटर रुंद असतं. टप्पा न पडू देता एवढी जागा वाळूत धावून सांभाळणं दोघांना जमणारच नाही. म्हणून बीच टेनिसमध्ये दुहेरीचं मैदान 16 मीटर बाय 8 मीटर, म्हणजे क्षेत्रफळाने साधारण निम्मं. एकेरीला लांबी तीच, रुंदी 4.5 मीटर. बीच व्हॉलीबॉलचं मैदानही 16 बाय 8 चंच असतं, त्यामुळे ते आयतं असेल तर नवीन आखायची गरज नाही.

आखणीत गणिताचा तास आपोआप होतो. 16 बाय 8 म्हणजे 8 मीटर बाजूचे दोन चौरस शेजारीशेजारी, आणि मधल्या रेषेवर नेट. वाळूवर फक्की टिकत नाही, म्हणून आम्ही खुंट्या ठोकून सुतळी ताणली. चौकोन तिरका झालाय का, हे ओळखायला प्रत्येक चौरसाचे दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही 11.31 मीटर आले की काटकोन बरोबर. आमचा पहिला चौरस डोळ्यांना अगदी सरळ दिसत होता, पण एक कर्ण दुसऱ्यापेक्षा हातभर लांब निघाला आणि मुलांनी दोन खुंट्या परत उपटल्या. खऱ्या स्पर्धेत सुतळीऐवजी रुंद पट्ट्या असतात. आत मात्र सर्व्हिसचे चौकोन नाहीत, म्हणजे आखायला फक्त बाहेरची चौकट. चेंडू टप्पा न पडता परतवायचाच आहे, तर तो अमुक चौकोनात पडला का हे बघणार कोण?

नेट मात्र उंच हवं. टेनिसचं नेट मध्यभागी 0.914 मीटर, म्हणजे आपल्या कमरेएवढं. ते इथे लावलं तर नेटजवळ उभा असलेला खेळाडू प्रत्येक चेंडू खाली आपटेल आणि दोन फटक्यांत गुण संपेल. म्हणून महिला आणि मिश्र दुहेरीसाठी नेट 1.70 मीटरवर असतं. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांत ते 1.80 मीटर करतात. पाचवीच्या मुलांना ही उंची डोक्यावरून जाते. आम्ही दोरी त्यांच्या वर केलेल्या हाताच्या कोपराएवढी बांधली. हा आमच्यापुरता बदल, नियम नव्हे. चेंडूही मऊ असतो, लहान मुलांच्या टेनिसमधला कमी दाबाचा केशरी ठिपक्याचा. रॅकेटला तारा नसतात, भोकं असलेली सलग फळीच असते. आमच्याकडे लाकडी प्लायच्या फळ्या होत्या, चालून गेल्या.

आता सर्व्हिस. इथे पालकांचाही गोंधळ होतो. ‘बीच टेनिसमध्ये सर्व्हिस खालून मारतात’ असं सरसकट सांगितलं जातं, ते बरोबर नाही. सर्व्हिस डोक्यावरून मारता येते आणि खालूनही. सक्ती फक्त एके ठिकाणी आहे: मिश्र दुहेरीत पुरुषाने खालूनच मारायची. आणि खालून मारणं साध्या टेनिसमध्येही चालतं, बरं का. 1989 च्या फ्रेंच ओपनमध्ये सतरा वर्षांच्या मायकेल चँगने इव्हान लेंडलसमोर पाचव्या सेटमध्ये खालून सर्व्हिस केली होती आणि सामनाही जिंकला होता.

मी हे सांगितल्यावर वर्गातली एक मुलगी जरा रागानेच म्हणाली, “बाई, म्हणजे मुलींना झेपणार नाही असं समजतात का?” प्रश्न योग्य होता, त्यामुळे मी तो टाळला नाही. टेनिसमध्ये वेगवान सर्व्हिस टप्पा पडून येते, टप्प्यात तिचा वेग थोडा कमी होतो आणि समोरच्याला क्षणभर जास्त मिळतो. इथे ती थेट अंगावर येते, तीही छोट्या मैदानात. पुरुषांच्या जोरकस सर्व्हिसवरच गुण संपू लागले तर पुढचा खेळच होणार नाही. तिला हे पटलं, पण अर्धंच. ती म्हणाली, “मग माझी सर्व्हिस जोरात असेल तर?” तर ती डोक्यावरून मारू शकते, नियम तिला अडवत नाही. त्यावर ती खूश झाली. मला स्वतःला हा नियम अजून थोडा खटकतो, पण खेळ चालू राहण्यासाठी तो आहे हे कळतं.

वर्गात मात्र आम्ही सगळ्यांनाच खालून मारायला लावलं. कारण साधं आहे: या वयात डोक्यावरून मारलेली दहातली सात-आठ सर्व्हिस नेटमध्ये जातात, आणि बीच टेनिसमध्ये दुसरी सर्व्हिस मिळत नाही. पहिली चुकली की गुण गेला. शेवटच्या रेषेमागे उभं राहायचं, फटका बसेपर्यंत रेषेला पाय लावायचा नाही, आणि चेंडू समोरच्या अख्ख्या मैदानात कुठेही टाकायचा. समोरच्या दोघांपैकी कोणीही तो परतवू शकतं. म्हणून मुलांनी आधीच ‘मधला माझा’ असं ठरवून घ्यावं. नाहीतर दोघंही एकमेकांकडे बघतात आणि चेंडू मध्ये पडतो.

एका गेममध्ये सर्व्हिसचा चेंडू नेटच्या दोरीला घासून पलीकडे गेला. टीव्हीवर टेनिस बघणारा एक मुलगा हात वर करून थांबला, “लेट आहे!” इथे तो लेट नाही, खेळ चालूच राहतो. तो थांबला, त्याचा चेंडू वाळूत पडला आणि गुण समोरच्यांना गेला.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे बाहेर जाणारा चेंडू मारणं. टप्प्याची वाट बघता येत नसल्यामुळे मुलं समोर येईल ते सगळं मारतात. पण हवेतला चेंडू मारला की तो खेळात आला, मग तो बाहेर पडणार होता हे सांगून उपयोग नाही. आम्ही पाच मिनिटं फक्त सोडायचा सराव केला: मी चेंडू फेकायचा आणि मुलांनी ‘सोड’ किंवा ‘माझा’ एवढंच ओरडायचं. त्यानंतर फुकट जाणारे गुण बरेच कमी झाले. आणि व्हॉलीबॉलसारखं आपसात चेंडू देणं नाही हेही सांगावं लागलं. आपल्या बाजूला एकच स्पर्श.

गुण टेनिससारखेच मोजायचे: 15, 30, 40. फक्त 40-40 झालं की ‘ॲडव्हान्टेज’ नाही, पुढचा एकच गुण गेम ठरवतो. शाळेच्या तासाला हे फार सोयीचं पडतं, कारण कुठलाच गेम सात गुणांच्या पुढे जात नाही.