प्रस्तावना: पाचोळ्यापासून प्रश्नापर्यंत

पालापाचोळा कुजण्याचा प्रयोग आमच्याकडे पावसाळी सत्रात होतो. वाळवून वजन केलेली पानं नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरायची, पिशव्या झाडाखाली मातीवर अंथरायच्या, काही आठवड्यांनी उचलून पानं पुन्हा ओव्हनमध्ये वाळवायची आणि वजन किती घटलं ते पाहायचं. काही पिशव्यांत गिरिपुष्पाची पानं असतात, काहींत सागाची. कोकणात गिरिपुष्प हिरवळीचं खत म्हणून शेतात घालतात, त्यामुळे ते लवकर कुजतं हे मुलांना घरूनच ठाऊक असतं. प्रयोग जमतो, आलेखही जमतो. घोडं अडतं ते प्रस्तावनेशी.

दहापैकी सात-आठ अहवालांची सुरुवात ‘पर्यावरणाचा समतोल ही आज काळाची गरज आहे’ या थाटाची असते. वाक्य खोटं नाही. पण तेच वाक्य फुलपाखरांच्या अहवालात चालेल, नदीच्या प्रदूषणावर चालेल आणि वक्तृत्व स्पर्धेतही टाळी घेईल. माझी कसोटी सोपी आहे : जे वाक्य दुसऱ्या प्रयोगाच्या अहवालात जसंच्या तसं बसतं, ते इथून काढायचं. बऱ्याचदा पहिला अख्खा परिच्छेद जातो आणि कोणाचं काही अडत नाही.

प्रस्तावना नरसाळ्यासारखी असावी, वर रुंद आणि खाली निमुळती, असं आम्ही सगळेच शिक्षक सांगतो. मुलं त्याचा अर्थ घेतात की आधी जगाविषयी लिहायचं, मग भारताविषयी, मग आपल्या तालुक्याविषयी. नकाशा लहान होत जातो, प्रश्न मात्र जवळ येत नाही. निमुळतं व्हायचं ते कारणांच्या बाबतीत. प्रत्येक वाक्याने काहीतरी बाजूला ठेवलं पाहिजे आणि उरलेलं पुढच्या वाक्याच्या हाती दिलं पाहिजे.

पाचोळ्याचंच घ्या. पहिलं वाक्य असं : गळलेल्या पानातलं नत्र आणि स्फुरद पान कुजल्यावरच झाडाला पुन्हा मिळतं, म्हणून कुजण्याचा वेग जंगलाच्या मातीचा कस ठरवतो. एवढी रुंदी पुरे. दुसरं वाक्य वेग कशावर ठरतो ते सांगतं : हवामान, पानाची रासायनिक घडण आणि कुजवणारे जीव. आता तिन्हींवर एकेक परिच्छेद लिहायचा मोह होतो, आणि इंटरनेटवरचं हवामानाचं पानभर उतरवलेलं ज्ञान इथेच घुसतं. पण आपल्या सगळ्या पिशव्या एकाच झाडाखाली, एकाच पावसात आहेत. हवामान दोन्ही पानांना सारखंच. म्हणून तिसऱ्या वाक्याने तेवढंच म्हणून हवामानाला निरोप द्यायचा. ज्याचा फरक आपण मोजणार नाही, त्याला प्रस्तावनेत एका वाक्यापेक्षा जास्त जागा नाही.

राहिलं पान आणि राहिले जीव. पानाविषयी भक्कम माहिती आहे. लिग्निन हा पानाला कणखरपणा देणारा पदार्थ फोडणं फार थोड्या बुरशींना जमतं. नत्र कमी असेल तर सूक्ष्मजीवांना स्वतःची वाढ करायला ते बाहेरून मातीतून ओढावं लागतं. मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या जंगलातल्या पानांवर दाखवलं की लिग्निनचं नत्राशी प्रमाण जितकं जास्त, तितकं कुजणं मंद. हा संदर्भ मुलं देतात, पण ‘मेलिलो यांनी अभ्यास केला’ एवढ्यावर थांबतात. त्यांनी अभ्यास केला हे सांगून वाचकाला काय मिळालं? त्यांना काय आढळलं ते सांगितलं तरच पुढचं वाक्य त्यावर उभं राहतं.

आणि पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण प्रश्न तिथूनच निघतो. न्यू हॅम्पशायरला कडाक्याची थंडी आणि बर्फ. उष्ण, दमट प्रदेशात वाणी, वाळवी, गांडुळं यांचा कुजवण्यातला वाटा मोठा असल्याचं अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. मग रासायनिक घडणीचा तो नियम कोकणातल्या पावसाळ्यात, किड्यांच्या गर्दीत तेवढाच टिकतो का? दोन माहीत असलेल्या गोष्टी एकमेकींना जिथे खेचतात, तिथे फट दिसते. त्याऐवजी मुलं लिहितात, ‘आमच्या महाविद्यालयाच्या आवारात असा अभ्यास आजवर झालेला नाही.’ खरं आहे. आवारातल्या बाकांची लांबीही कोणी मोजलेली नाही. काम झालेलं नसणं हे ते करण्याचं कारण होत नाही.

एका विद्यार्थिनीने प्रश्न लिहिला होता : पाचोळ्याच्या विघटनावर कोणते घटक परिणाम करतात? मी तिला म्हटलं, “अगं, याचं उत्तर तू दुसऱ्या वाक्यातच दिलंयस. तुझ्या पिशव्या कोणत्या आहेत ते सांग.” ती म्हणाली, “मॅडम, अर्ध्या एक मिलिमीटरच्या जाळीच्या आणि अर्ध्या पाच मिलिमीटरच्या.” बारीक जाळीत बुरशी आणि जिवाणू शिरतात, वाणी शिरत नाही. म्हणजे प्रश्न तिच्या हातातच होता : गिरिपुष्प आणि साग यांच्या कुजण्यातला फरक मोठे किडे आत येऊ दिले तर वाढतो की घटतो?

गृहीतकाच्या जागी तिने आधी लिहिलं होतं, ‘सागाचं पान हळू कुजेल.’ हे गृहीतक झालं नाही, भाकीत झालं. गृहीतकात कारण हवं. इथे तर दोन कारणं उलटसुलट दिशांना जातात. किडे मऊ, नत्रयुक्त पान निवडून खात असतील तर मोठ्या जाळीत गिरिपुष्प आणखी पुढे जाईल आणि फरक वाढेल. पण किडे सागाचं खरबरीत पान कुरतडून बुरशीला वाट करून देत असतील तर सागालाच जास्त फायदा होईल आणि फरक घटेल. तिने पहिलं निवडलं, आणि ‘कारण’ हा शब्द वाक्यात आला. कोणतंही निवडलं असतं तरी चाललं असतं. मात्र निवडल्यानंतर भाकीत मोजता येईल अशा शब्दांत हवं : मोठ्या जाळीत दोन पानांच्या उरलेल्या कोरड्या वजनातलं अंतर बारीक जाळीतल्यापेक्षा जास्त असेल.

असं नेमकं लिहिलं की प्रयोगातली खोटही वर येते. पान नत्राच्या जोरावर कुजतं असं प्रस्तावनेत म्हणायचं आणि पिशवीत गिरिपुष्पाचं हिरवं तोडलेलं पान व सागाचं आपोआप गळलेलं पान भरायचं, हे जमत नाही. पान गाळण्याआधी झाड त्यातलं बरंचसं नत्र मागे ओढून घेतं. म्हणजे आपण फक्त दोन झाडांची तुलना करत नसून ताज्या आणि शिळ्या पानाचीही करत असतो. दोन्ही पानं गळलेली घ्यावीत, नाहीतर ही मर्यादा सांगून टाकावी. मोठ्या जाळीतून पानाचा चुरा खाली सांडतो आणि तो कुजला असं धरलं जातं, पावसात पानांना चिकटलेली माती वजन वाढवते, या गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांची जागा पद्धतीत किंवा चर्चेत आहे. प्रस्तावनेत त्या घातल्या की धागा सुटतो.

लिहिण्याचा क्रम मी उलटा सांगते. आधी प्रश्न, मग गृहीतक, मग त्यातले शब्द घेऊन एकेक पायरी वर. लिग्निन, नत्र, वाणी, जाळी यांपैकी जे प्रश्नात आलं त्याची ओळख वर कुठेतरी झालेली असली पाहिजे, आणि वर जे आलं ते खाली कुठेतरी लागलं पाहिजे. पहिलं वाक्य सगळ्यात शेवटी सुचतं.

आणि वजनं घेतल्यावर निकाल उलटा आला, मोठ्या जाळीत फरक घटला, तर प्रस्तावनेत मागे जाऊन गृहीतक फिरवू नका. पिशव्या ठेवण्यापूर्वी जे वाटत होतं तेच तिथे राहू द्या. ते का चुकलं हे सांगण्यासाठी अहवालात चर्चा नावाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि मी गुण देताना तोच आधी वाचते.