थंड पाण्याचे वाडगे आणि अम्मींची गोळी

डिसेंबरातली गोष्ट. फज्रच्या वेळी आमच्या टाकीचे पाणी हाडात शिरेल इतके गार असते. अम्मी वुजू करून आल्या आणि मुसल्ल्यावर बसण्याआधी म्हणाल्या, "आजपासून बीपीची गोळी बंद. मोबाइलवर आलंय, तोंडावर गार पाणी मारलं की नाडी हळू होते, बीपी उतरतं. मग वुजूतच इलाज आहे ना!"

आम्ही दोघेही मास्तर. संदेशात थोडे खरे आहे हे ठाऊक होते, म्हणून नुसते "नको" म्हणून भागले नसते. रविवारी आम्ही अम्मींसमोरच करून पाहायचे ठरवले. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक मागून आणला. नाडी आमच्या अठरा वर्षांच्या, धडधाकट मुलाची. त्याचे मनगट एकाने धरायचे, दुसऱ्याने घड्याळ बघायचे. पंधरा सेकंदांत ठोके मोजून चारने गुणायचे.

शांत बसलेला असताना १९ ठोके, म्हणजे मिनिटाला ७६. मग त्याने वुजू केला. टाकीच्या पाण्याचे तापमान २० अंश होते. नाडी ७२ ते ७६, म्हणजे फरक नावालाच. ओंजळीतले पाणी चेहऱ्यावर क्षणभर टिकते आणि ओघळून जाते. त्यानंतर वाडग्यात कोमट पाणी घेऊन कपाळापर्यंत चेहरा बुडवून श्वास रोखला, तेव्हा ६८. शेवटी बर्फ टाकून पाणी १२ अंशांवर आणले. पहिल्या पंधरा सेकंदांत विशेष काही नाही, पण पुढच्या पंधरा सेकंदांत १५ ठोके, म्हणजे ६०. डोके वर काढून दोन श्वास घेतले आणि अर्ध्या मिनिटात नाडी पुन्हा जागेवर! आमच्या मनातही "कायम थोडी कमी राहील" अशी अंधुक समजूत होती, ती तिथेच गेली.

कपाळ, डोळ्यांभोवतीची जागा आणि नाक यांच्या त्वचेतून एक मोठी चेता मेंदूकडे जाते. त्या जागी गारवा लागला आणि त्याच वेळी श्वास थांबला, की मेंदूचा तळाचा भाग समजतो की माणूस पाण्याखाली गेला. आतला प्राणवायू आता पुरवून वापरायचा. म्हणून व्हेगस नावाच्या चेतेतून हृदयाला संथ होण्याचा हुकूम जातो. सीलसारख्या पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांत हे फार जोरात होते. १९४० मध्ये शोलँडर या शास्त्रज्ञाने बुडी मारणाऱ्या प्राण्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. माणसात ते सौम्य आहे.

अम्मींना आम्ही खरे सांगितले ते याच्या पुढचे. त्याच हुकुमाबरोबर हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे रक्त मेंदू आणि हृदयाकडे राहावे. बागेला पाणी देताना नळ थोडा कमी केला, पण पाइपचे तोंड बोटाने दाबले, तर आतला दाब कमी होत नाही. तसेच हे. नाडी मंद होते, पण रक्तदाब उतरत नाही. उलट तेवढ्यापुरता चढूही शकतो. संदेश लिहिणाऱ्याने नाडी आणि रक्तदाब एकच धरले होते.

आणि हे फक्त चेहऱ्याचे. अंगावर एकदम गार पाण्याची बादली ओतली किंवा थंडीत विहिरीत उडी मारली, तर धाप लागते आणि नाडी धावते. दोन्ही हुकूम एकाच वेळी सुटले तर हृदयाचा ताल बिघडू शकतो. म्हातारपणी हा जुगार नको.

अम्मी सहजी ऐकणाऱ्या नाहीत. "मग डॉक्टर बर्फ लावतात ते?" त्यांनी कुठेतरी ऐकले होते. तेही खरे आहे. एका विशिष्ट प्रकारे हृदय अचानक अतिशय वेगाने धावू लागते, तेव्हा विशेषतः तान्ह्या बाळांच्या चेहऱ्यावर काही सेकंद बर्फाच्या पाण्याची पिशवी धरतात. पण ते दवाखान्यात, ईसीजी चालू ठेवून. अम्मींची गोळी तर नाडी आधीच मंद करणारी. त्यावर बर्फाचे वाडगे म्हणजे चक्कर येऊन पडण्याची सोय. नाडी आधीच मंद असेल, घेरी येत असेल किंवा हृदयाची औषधे चालू असतील, तर हा प्रयोग घरीसुद्धा करू नये. मुलालाही आम्ही तीस सेकंदांच्या पुढे जाऊ दिले नाही.

अम्मी थोडा वेळ वाडग्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वुजू मी नमाजसाठी करते, बीपीसाठी नाही. गोळी कुठे ठेवलीस?"

त्या आठवड्यात आम्ही त्यांच्यासाठी फज्रचे पाणी थोडे कोमट करायला सुरुवात केली. बर्फ फ्रीजमध्येच आहे.