शेरूच्या पिल्लाची तक्रार

आमची वस्ती राहुरी तालुक्यात, चारही बाजूंनी ऊस. बिबट्याची भीती कायमची, म्हणून अब्बांनी राखणीसाठी कुत्रा आणायचे ठरवले. शेताच्या रखवालीसाठी कुत्रा पाळायला आपल्याकडे मुभा आहे, त्यामुळे अम्मीनेही फारशी कुरकुर केली नाही. नगरजवळच्या एका विक्रेत्याकडून जर्मन शेफर्डचे पिल्लू 12,000 रुपयांना घेतले आणि नाव ठेवले शेरू.

रविवारी दुपारी तो घरी आला. मंगळवारी सकाळी त्याने दूध सोडले, दोन उलट्या केल्या, आणि संध्याकाळी रक्तमिश्रित, अतिशय घाण वासाची हगवण सुरू झाली. डॉक्टरांनी विष्ठेची चाचणी केली : पार्वो. पाच दिवस सलाईन, उलटी थांबवायचे इंजेक्शन, अँटिबायोटिक. या विषाणूवर सहज मिळणारे थेट औषध नाही. पिल्लाच्या शरीरातले पाणी टिकवून ठेवायचे आणि त्याची स्वतःची ताकद परतायची वाट पाहायची, एवढेच हाती असते. शेरू वाचला. बिल झाले 7,600.

रागाच्या भरात मी विक्रेत्याला पत्र लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात 'फसवणूक' हा शब्द चार वेळा होता. अब्बांनी वाचून परत दिला. म्हणाले, "शिव्या देऊन त्याला उत्तर द्यायची संधी देतोस. तारखा लिही, त्यांना उत्तर नसते."

मग मी लसीचे कार्ड नीट पाहिले. जन्मतारखेपासून मोजले तर विक्रीच्या दिवशी पिल्लू 46 दिवसांचे होते. श्वान प्रजनन व विक्रीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवडे, म्हणजे 56 दिवस, पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही आणि विक्रेत्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कार्डावर चाळिसाव्या दिवशी लस दिल्याची नोंद होती, पण लसीच्या कुपीचे लेबल चिकटवलेले नव्हते आणि डॉक्टरांची सहीही नव्हती. हे आम्ही घेतानाच पाहायला हवे होते. ही चूक आमची, आणि मी ती पत्रात लपवली नाही.

खरा प्रश्न होता, आजार कुठून आला? पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. आमच्याकडे दोन दिवसही पूर्ण झाले नव्हते. म्हणजे विषाणू तिथूनच सोबत आला असणार. विक्रेता म्हणू शकला असता की जिवंत लसीमुळेही चाचणी काही दिवस पुसट पॉझिटिव्ह येते. हे खरे आहे. म्हणून मी डॉक्टरांकडून लेखी अहवाल घेतला. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी 1,800 होत्या, ज्या निरोगी कुत्र्यात निदान सहा हजारांच्या आसपास असतात. लसीने चाचणी पुसट दिसेल, पण पेशी अशा कोसळत नाहीत.

पत्राचा गाभा एवढाच होता :

"आपल्यावर हेतूचा आरोप करत नाही. सोबत यूपीआयची पावती, कार्डाची प्रत, चाचणीचा फोटो, डॉक्टरांचा अहवाल आणि बिले जोडली आहेत. पिल्लू वाचले असल्याने किंमत परत मागत नाही. बदली पिल्लू नको, कारण हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. उपचाराचे 7,600 रुपये 15 दिवसांत द्यावेत. त्याच वीणीतली पिल्ले ज्यांनी नेली त्यांना आजच कळवावे आणि जागा निर्जंतुक होईपर्यंत विक्री थांबवावी. तसे न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल."

शेवटचे वाक्य धमकीसाठी नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवले आणि एक प्रत व्हॉट्सॲपवर.

पहिल्या फोनवर विक्रेता म्हणाला, "तुमच्या पाण्यातून झालं असेल." मी फक्त रविवार आणि मंगळवार या दोन तारखा वाचून दाखवल्या. तो गप्प झाला. दहाव्या दिवशी पैसे आले. त्याच दिवशी त्याने सांगितले की वीणीतले एक पिल्लू दगावले होते. मालकाने नशीब म्हणून सोडून दिले, तक्रार केली नाही. बाकीच्या दोघांना त्याने माझे पत्र आल्यावर फोन केला. त्यातले एक पिल्लू तेव्हा नुकतेच सुस्तावले होते, त्याला वेळेत सलाईन लागले.

शेरू आता अब्बांच्या खाटेखाली झोपतो. पत्राची प्रत मी लसीच्या कार्डासोबत ठेवली आहे. त्या कार्डावर आता प्रत्येक डोसापुढे कुपीचे लेबल आणि सही आहे.