नवाचा भाव

मटक्याच्या आकड्याचा उगम कापसाच्या बाजारात आहे, हे आमच्या खानदेशातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतीचे आणि बंदचे भाव तारेने मुंबईत येत, आणि त्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले, तेव्हा पत्ते काढून आकडा ठरवण्याची युक्ती निघाली. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपापले बाजार सुरू केले. कापूस गेला, पण त्याची भाषा मात्र तशीच राहिली: अजूनही पहिल्या आकड्याला 'ओपन' आणि दुसऱ्याला 'क्लोज' म्हणतात. ज्या जिल्ह्यात कापसाच्या गाड्या पाहत मी लहानाचा मोठा झालो, त्या कापसाची ही असली वारसदार संतती पुढे नोकरीत आणि आता निवृत्तीनंतर गोडादऱ्यातही माझ्या दाराशी येईल, असे वाटले नव्हते.

गोडादरा, लिंबायत, डिंडोली हा सुरतेचा भाग म्हणजे खानदेशाचा एक तुकडाच उचलून तापीच्या खालच्या अंगाला ठेवला आहे, असे म्हणता येईल. लूमवर आणि साडीच्या बाजारात राबणारी आमची माणसे येथे शेकड्यांनी राहतात. आमच्या गल्लीतला असाच एक लूम कारागीर रोज आकडा लावतो, ही गोष्ट त्याच्या आईनेच मला सांगितली. तिचे म्हणणे असे, की "आप्पा, रोज जातंच असं नाही, कधी येतंही. पण घरात काही उरत नाही." मुलगा हुशार. त्याला विचारले तर तो शांतपणे म्हणाला, "आप्पा, दहा आकडे. त्यातला एक येणार. अन् भाव नऊ. मग फरक तो कितीक?"

त्याच्या या प्रश्नात सारे गणित आहे, आणि ते नीट सोडवण्यासारखे आहे.

भाव हा दिसायला बक्षिसाचा आकडा असतो. पण त्याच्या पोटात एक संभाव्यता दडलेली असते. भाव लावणाऱ्याचा मनातला, किंवा त्याला आपल्याकडून वदवून घ्यायचा, असा तो अंदाज असतो. तो बाहेर काढायची रीत सोपी आहे: लावलेल्या एका रुपयाला जिंकल्यावर एकंदर किती रुपये हाती येतात ते पाहायचे, आणि एकाला त्या रकमेने भागायचे. मटक्यात दहा रुपये लावले आणि आकडा लागला, तर नव्वद मिळतात. लावलेले दहा त्यातच आले. म्हणजे एका रुपयाला एकंदर नऊ. एक भागिले नऊ, म्हणजे शेकडा ११.११. आकडा नऊच्या भावाने घेणारा माणूस नकळत असे कबूल करतो, की माझ्या आकड्याची संभाव्यता शेकडा ११.११ आहे. प्रत्यक्षात, सोडत प्रामाणिक असेल तर, ती शेकडा १० आहे.

आता त्या मुलाने जे केले नव्हते ते करू. दहाही आकड्यांच्या गर्भित संभाव्यता बेरजेत घेऊ: ११.११ गुणिले दहा, म्हणजे १११.११. दहांपैकी एक आकडा येणार हे शंभर टक्के निश्चित असताना ही बेरीज शंभराच्या वर कशी गेली? याचा अर्थ रोकड्या व्यवहारात पाहावा. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावा. शंभर रुपये गेले. कोणताही आकडा येवो, हाती नव्वदच येणार. जे शंभर रुपये खात्रीने परत मिळायला हवे होते, त्यांसाठी १११ रुपये ११ पैसे मोजावे लागतात. बेरजेतला हा वाढावा म्हणजे भाव लावणाऱ्याचा हिस्सा होय.

येथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, कारण शिकलेली माणसेही तिथे घसरतात. वाढावा शेकडा ११.११ दिसतो म्हणून मटकेवाल्याचा नफा ११.११ टक्के होत नाही. १११.११ रुपयांच्या उलाढालीत ११.११ रुपये त्याचे; म्हणजे उलाढालीच्या शेकडा १०. कचेरीत ज्यांनी वसुलीची पत्रके तपासली आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही, की टक्केवारी कशावर काढली तेच आधी विचारावे.

त्या मुलाच्या वहीवरून हिशेब असा निघाला. रोज चार बाजार, प्रत्येकात शंभर रुपये, महिन्याला सव्वीस दिवस: एकशे चार डाव, दहा हजार चारशे रुपये. सरासरीने साडेदहाच्या आसपास डाव लागतील आणि सुमारे ९,३६० रुपये परत येतील. तूट १,०४० ची. पण हे सरासरीने. प्रत्यक्षात एखाद्या महिन्यात सातच डाव लागतात आणि ४,१०० रुपये जातात. एखाद्या महिन्यात तेरा लागतात आणि १,३०० मिळतात. शिवाय चार डाव खेळणाऱ्याला सरासरीने दर तीन दिवसांतून एका दिवशी काही लागते, आणि लागलेला दिवस माणूस जास्त लक्षात ठेवतो. त्याची आई म्हणत होती ते खोटे नव्हते. कधी येतंही, आणि त्या येण्याच्या आड शेकडा दहाची गळती दिसेनाशी होते.

जोडीचा भाव नव्वद. ओपन आणि क्लोज मिळून शंभर जोड्या. म्हणून येथेही गर्भित बेरीज १११.११ च येते. पण ओपनवर जिंकलेले सर्व पैसे उचलून क्लोजवर लावले तर नऊ गुणिले नऊ, एक्क्याऐंशीच हाती येतात. म्हणजे दोन वेळा शेकडा दहाची कापणी झाली आणि एकूण हिस्सा शेकडा एकोणीस झाला. गर्भित संभाव्यतेतला वाढावा गुणाकाराने वाढतो, हे यावरून ध्यानात येते.

घोड्यांच्या शर्यतीत हीच गोष्ट अधिक झाकलेली असते, कारण तेथे खरी संभाव्यता कोणालाच ठाऊक नसते. मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात शर्यती भरतात, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले. तेथील बुकी भाव सांगतो तो 'पाचास दोन' या धर्तीवर, आणि त्यात लावलेली रक्कम धरलेली नसते. म्हणून भाजकात ती मिळवून घ्यावी लागते. दोन लावले आणि पाच मिळाले, तर हाती एकंदर सात; म्हणून दोन भागिले सात. मटक्याच्या सवयीचा माणूस इथे दोन भागिले पाच करून बसतो आणि संभाव्यता फुगवतो.

पाच घोड्यांची एक कल्पित शर्यत घेऊ. पहिल्यावर बरोबरीचा भाव, म्हणजे गर्भित संभाव्यता शेकडा ५०. दुसऱ्यावर पाचास दोन, शेकडा २८.५७. तिसऱ्यावर चारास एक, २०. चौथ्यावर आठास एक, ११.११. पाचव्यावर पंधरास एक, ६.२५. बेरीज ११५.९३. पाचही घोड्यांवर याच प्रमाणात पैसे लावले, तर ११५ रुपये ९३ पैसे खर्चून कोणताही घोडा येवो, शंभरच मिळतील. बुकीचा हिस्सा उलाढालीच्या शेकडा १३.७.

मग बुकीला असे का करावे लागते? तो खाते जुळवत असतो. ज्या घोड्यावर पैसे जास्त येतील त्याचा भाव तो उतरवतो, इतरांचा चढवतो, आणि कोणीही जिंकले तरी आपल्या खिशातून देणे पडू नये असे पाहतो. पण लोकांचे पैसे त्याच्या हिशेबाने येत नाहीत. वाढावा ही त्याची मजुरी आणि विमाही. उलट, बेरीज शंभराच्या खाली गेली, म्हणजे ९५ झाली, तर कोणीही पाचही घोडे ९५ रुपयांत विकत घेऊन निश्चित शंभर उचलील. निरनिराळ्या बुकींचे भाव चाळून प्रत्येक घोड्याचा सर्वांत चढा भाव जमवला, की बेरीज शंभराच्या जवळ येते, ती याचमुळे.

खरा अंदाज काढायचा तर प्रत्येक संभाव्यतेला १.१५९३ ने भागतात: पहिल्याची ५० ची ४३.१ होते, पाचव्याची ६.२५ ची ५.४. परंतु या भागाकारात एक गृहीत दडलेले आहे, की वाढावा सर्वांवर सारखा वाटला आहे. तसे बहुधा नसते. अमेरिकेतल्या शर्यतींचा अभ्यास करून ग्रिफिथ यांनी १९४९ मध्येच दाखवले होते, की लोक बिनभरवशाच्या घोड्यांवर प्रमाणाबाहेर पैसे लावतात, आणि म्हणून त्यांची संभाव्यता भावात जास्त दिसते. मोठ्या बक्षिसाच्या ओढीवर जास्त कापणी बसवता येते. मटक्यातही तेच आहे. माझ्या कानावर आलेले भाव असे: तीन वेगळे आकडे असलेल्या पानाला १४०, तिन्ही सारखे असतील तर ६००. तिन्ही आकडे स्वतंत्रपणे निघतात असे धरले, तर पहिल्याचा न्याय्य भाव सुमारे १६७ आणि दुसऱ्याचा १,०००. म्हणजे पहिल्यात कापणी शेकडा १६, दुसऱ्यात शेकडा ४०.

क्रिकेटच्या सट्ट्यात वाढावा अगदी लहान दिसतो. '४०-४२ पैसे' असा भाव असला, तर वरचढ संघावर शंभर लावून चाळीस मिळतात, आणि दुसऱ्यावर बेचाळीस लावून शंभर. गर्भित संभाव्यता ७१.४३ आणि २९.५८, बेरीज १०१.०१. शेकडा एक! पण चेंडूगणिक भाव बदलतो, आणि हजार रुपये रात्रभरात पन्नास वेळा फिरवणाऱ्याची उलाढाल पन्नास हजारांची होते. शेकडा एकने त्यातले सरासरी पाचशे गेलेले असतात. संसदेने २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांना प्रतिबंध करणारा कायदा केला, आणि मटक्यावर १८८७ च्या मुंबई जुगार कायद्यापासून बंदी आहेच. पण भावातली बेरीज कायद्याने बदलत नाही.

एवढे झाल्यावर त्या मुलाने विचारले, "मग आप्पा, जो आकडा पुष्कळ दिवस आला नाही त्यावरच लावला तर?" सोडत प्रामाणिक असेल तर न आलेल्या आकड्याचीही संभाव्यता शेकडा दहाच राहते, आणि भाव नऊच. अप्रामाणिक असेल, तर ज्या आकड्यावर सर्वांत कमी पैसे लागले असतील तोच आकडा येणे मटकेवाल्याच्या सोयीचे. आणि पुष्कळ दिवस न आलेल्या आकड्यावर तर अख्ख्या मोहल्ल्याचे पैसे लागलेले असतात. त्या दिवशी त्याने वही मिटली आणि रात्रपाळीला निघून गेला. दुसऱ्या आठवड्यात आईकडून कळले, की आता तो चार बाजारांऐवजी एकच लावतो. म्हणजे महिन्याचे सव्वीस डाव, सरासरी तूट दोनशे साठ रुपये.